पसाऱ्यावरचा आरोप

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमध्ये एक लेख हटकून येतो. घरातला पसारा मनावर ताण आणतो, शरीरातलं कॉर्टिसॉल वाढवतो, माणसाला नैराश्याकडे ढकलतो. तेव्हा माळा रिकामा करा, वर्षभर हात न लागलेलं काढून टाका, मन आपोआप हलकं होईल. पूर्वपक्ष हा असा आहे, आणि तो वाटतो तितका नवा नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या घरांत केरकचरा आणि अवदसा यांची सांगड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पूर्वी पसाऱ्यातून अलक्ष्मी यायची, आता कॉर्टिसॉल येतं. दोन्ही वेळा बोट दाखवलं जातं ते घरातल्या बाईकडे, तिने वेळेवर आवरलं नाही म्हणून.

या मताचा पुरावा तपासला तर तो सांगणाऱ्यांना वाटतो तितका भक्कम नाही, असं माझं म्हणणं आहे. मात्र त्याच लेखांत शेवटी शेवटी एक किरकोळ सूचना असते, ‘एका लहान कोपऱ्यापासून सुरुवात करा’ अशी. ती टिकते. पण ती का टिकते याचं कारण निराळं आहे, आणि कारण निराळं म्हटल्यावर कोपरा कोणता घ्यायचा, केवढा घ्यायचा आणि हात कधी आवरता घ्यायचा, हेही बदलतं.

आधी पुरावा पाहू. कॉर्टिसॉलचा उल्लेख बहुतेक वेळा एकाच अभ्यासातून आलेला असतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी तो 2010 साली प्रसिद्ध केला. दोघंही नोकरी करणारी, घरात शाळकरी मूल असलेली तीस जोडपी त्यात होती. प्रत्येकाला सांगण्यात आलं, कॅमेरा घेऊन आपलं घर फिरून दाखवा आणि दाखवताना बोलत राहा. नंतर त्या बोलण्यातले शब्द संगणकाने मोजले, आणि दिवसातून अनेकदा घेतलेल्या लाळेच्या नमुन्यांवरून कॉर्टिसॉल पाहिलं. हे संप्रेरक सकाळी उठल्यावर चढतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं. ज्या बायकांच्या बोलण्यात ताणाचे शब्द जास्त होते, त्यांच्यात हा उतार सपाट निघाला, आणि दिवस पुढे सरकेल तशी त्यांची उदासीही वाढत गेलेली दिसली. घराबद्दल निवांतपणाचे शब्द बोलणाऱ्या बायकांत याच्या उलट आढळलं. ठळक निष्कर्ष सगळे बायकांबद्दलचे आहेत.

आता या अभ्यासात काय मोजलं गेलं ते पाहा. त्याच विद्यापीठाच्या त्याच मोठ्या प्रकल्पातल्या मानवशास्त्रज्ञांनी घराघरांतल्या वस्तूही मोजल्या होत्या. एका घरात अवघ्या तीन खोल्यांत नजरेला पडतील अशा 2,260 वस्तू भरल्या. पण कॉर्टिसॉलशी जोडला गेला तो हा आकडा नव्हे. जोडलं गेलं ते बाईचं बोलणं. शिवाय ताणाच्या शब्दांच्या गटात पसाऱ्याचे शब्द होते तसे अर्धवट राहिलेल्या कामांचेही होते. ‘इथे अजून रंग द्यायचा राहिलाय’, ‘हे सगळं एकदा लावायचंय’ अशा धर्तीचं बोलणं. म्हणजे या अभ्यासाने फार तर इतकं दाखवलं, की ज्या बाईला स्वतःचं घर हे न संपलेलं आणि आपल्याच नावावर चढलेलं काम वाटतं, तिचा दिवस जड जातो. वस्तूंच्या ढिगाने कॉर्टिसॉल वाढतं, हा त्यावर लोकांनी चढवलेला मजला आहे.

दुसरा पुरावा मेंदूचा दिला जातो: प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी म्हणे सिद्ध केलं की पसाऱ्यात लक्ष लागत नाही. स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीना कास्टनर यांचा तो 2011 चा निबंध दृष्टीच्या मेंदूकेंद्रांविषयी आहे. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी अनेक आकृत्या आल्या तर त्या मेंदूत एकमेकींशी कशा स्पर्धा करतात, याचा तो शोध. त्यात कुणाचं स्वयंपाकघर नाही, कपाट नाही आणि उदासीही नाही.

आता कार्यकारणाच्या दिशेकडे येऊ, कारण या मताची खरी गफलत तिथे आहे. नैराश्याची वैद्यकीय लक्षणं वाचली तर त्यांत थकवा आहे, कशातच रस न वाटणं आहे, हालचाल मंदावणं आहे, आणि साधेसुधे निर्णयही न होणं आहे. असं माणूस कपडे वाळत घालेल, पण घड्या घालून ठेवणार नाही. भाजी आणेल, पण पिशवी ओट्यावरच राहील. पसारा हा अशा वेळी आजाराचा माग असतो. घरात ही दिशा ओळखायची एक साधी खूण मला उपयोगी वाटते. टेबलावरच्या ढिगाच्या तळाशी हात घाला आणि तिथल्या विजेच्या बिलावरची तारीख पाहा. ढीग वर्षानुवर्षांचा असेल आणि त्याच्या सोबतीनेच माणूस हसतखेळत राहिलेला असेल, तर यंदाच्या उदासीचं खापर त्या ढिगावर फोडता येत नाही. तळाची तारीख चारसहा महिन्यांपूर्वीची असेल आणि त्याच सुमारास घरात आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं असं काही घडलेलं असेल, तर ढीग मागून आलेला आहे.

पूर्वपक्षी इथे म्हणेल, मागून आला तरी तो आता त्रास देतोच की. हे मान्य आहे. पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात नैराश्याची जी मांडणी केली तिच्यात हे बसतंही. त्याचं म्हणणं असं: मन खचलं की माणूस हातपाय आखडून घेतो, करणं कमी झालं की केल्यामुळे मिळणारं समाधान आटतं, आणि ते आटलं की मन आणखी खचतं. या चक्रात पसारा एक आरा आहे. पण चक्र मोडायचं तर ते कुठे धरायचं, हा प्रश्न उरतो. ‘सगळं काढून टाका’ म्हणणारे वस्तूला धरतात, आणि माझ्या मते चूक इथे होते.

मारी कोंडो यांची पद्धत घ्या. 2011 साली जपानमध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा आग्रह स्पष्ट आहे: रोज थोडं थोडं आवराल तर जन्मभर आवरतच राहाल, म्हणून एकदाच, झपाट्याने, संपूर्ण आवरा. एकेका प्रकारच्या साऱ्या वस्तू एका जागी ओता, एकेक हातात घ्या, ती आनंद देते का हे स्वतःला विचारा, आणि ठेवा किंवा निरोप द्या. धडधाकट मनाच्या माणसाला हे जमेल आणि आवडेलही. त्याला माझी हरकत नाही. पण ही पद्धत काय मागते ते बघा. वस्तूगणिक एक निर्णय, दिवसभरात शेकडो निर्णय, आणि प्रत्येक निर्णयाची कसोटी आनंद! नैराश्यात नेमक्या याच दोन गोष्टी हाताशी नसतात. अशा माणसाने सगळी कपडेपट्टी पलंगावर ओतली तर दुपारपर्यंत त्याची शक्ती संपते, आणि रात्री झोपायला पलंगही उरत नाही.

शिवाय हा सल्ला कुठल्या घरातून निघाला आहे, तेही पाहायला हवं. लॉस एंजेलिसच्या त्या घरांपैकी बहुतेकांच्या गॅरेजमध्ये सामान इतकं साठलं होतं की गाडी आत लावता येत नव्हती. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या 300 चौरस फुटांच्या घरात गाद्यांची वळकटी, शिलाई मशीन, धान्याची कोठी आणि मुलांची दप्तरं एकाच भिंतीला टेकलेली असतात, आणि त्यातली एकही वस्तू जास्तीची नसते. तिथे पसारा म्हणजे जागेची टंचाई. ती फेकून भागत नाही.

आता माझी बाजू. लेविनसनच्या चक्रात धरायचं ते करणं. या विचारातून जी उपचारपद्धती वाढली तिला मानसशास्त्रात वर्तन-सक्रियता म्हणतात. तिचा नियम सांगायला सोपा आहे: मन होईल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, आधी ठरवलेल्या वेळी ठरवलेली लहान गोष्ट करायची, आणि तिचा मनावर काय परिणाम झाला ते लिहून ठेवायचं. 1996 साली नील जेकबसन यांनी सिएटलमध्ये 150 रुग्णांवर एक तुलना केली. नैराश्यावरच्या संपूर्ण विचार-उपचारातला फक्त हा करण्याचा भाग काही रुग्णांना दिला, आणि तो संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला. 2016 साली इंग्लंडमधल्या 440 रुग्णांच्या चाचणीतही असाच निकाल आला.

आपल्याला जास्त जवळचा पुरावा गोव्याचा आहे. ‘संगात’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर याच उपचारपद्धतीची चाचणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये ती 2017 साली छापून आली. रुग्ण सौम्य नव्हते, त्यांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होतं. समुपदेशक मात्र डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि प्रत्येक भेटीत मुख्य काम एकच: रुग्णाने पुढच्या भेटीपर्यंत कोणती गोष्ट करायची ती ठरवणं, आणि मागच्या वेळी ठरवलेल्या गोष्टीचं काय झालं ते पाहणं. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीच्या उपचाराच्या गटात हा आकडा 39 टक्के होता. वर्षानंतरही फायदा टिकून होता, आणि माणसं किती हालती-करती झाली यातूनच तो बराचसा आला होता, असं विश्लेषणात दिसलं. कोपरा आवरण्याची वेगळी परीक्षा या प्रयोगात नव्हती. पण कोपरा आवरणं ही नेमकी याच जातीची कृती आहे: लहान, ठरवता येणारी, आणि झाली की नाही हे डोळ्यांना दिसणारी. कोपरा उपयोगी पडतो तो एक पुरी झालेली कृती म्हणून. स्वच्छता हा त्याचा वरकड लाभ.

हे मान्य केलं की व्यवहार कसा बदलतो, ते एका कल्पित घरात पाहू. डोंबिवलीतला वन-बीएचके. घरातल्या ताई पन्नाशीच्या, नोकरी करणाऱ्या. सासूबाईंचं दीड वर्षाचं आजारपण आषाढात संपलं आणि दसरा आला तरी घर तसंच आहे. जेवणाच्या टेबलावर औषधांच्या पट्ट्या, रुग्णालयाची कागदपत्रं, डायपरचं उघडलेलं पुडकं, न वाचलेली पाकिटं. जेवण सोफ्यावर बसून होतं. नणंद म्हणते, आधी ते टेबल मोकळं कर, सगळा पसारा तिथेच आहे. आवराआवरीच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे. करण्याच्या दृष्टीने ते टेबल सर्वांत वाईट जागा आहे, कारण तिथल्या प्रत्येक पट्टीवर एक आठवण आणि एक निर्णय आहे.

मी ताईंना ओट्यावरची शेगडीच्या उजव्या हाताची दीड हात जागा सुचवेन. कारण रोज सकाळी चहा तिथेच होतो. आवरलेल्या जागेचा मोबदला त्याच दिवशी आणि दररोज मिळाला पाहिजे. माळा आवरला तर तो पुढच्या दिवाळीपर्यंत कुणाला दिसत नाही. ओट्यावरच्या त्या जागेत काय आहे? झाकण हरवलेली तेलाची बाटली, दोन रिकामे डबे, कोपरा फाडलेलं चहाचं पाकीट, साखर, गाळणं, आल्याची किसणी, मिक्सरचं एक भांडं, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, एक टॉर्च. पहिल्या दिवशी हे सगळं उचलून एका परातीत ठेवायचं. फेकायचं काहीच नाही, म्हणजे निर्णयही नाहीत. ओटा ओल्या फडक्याने पुसायचा. परातीतून चहा, साखर, गाळणं आणि आल्याची किसणी एवढंच परत यायचं. परात पलंगाखाली गेली तरी चालेल. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली की थांबायचं, आणि मग त्या जागी एक कप चहा करून प्यायचा. चहा विसरायचा नाही. तो या कामाचाच भाग आहे.

दिनदर्शिकेच्या त्या दिवसाच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे: आधी मन कसं होतं आणि नंतर कसं, शून्य ते दहा. ताई लिहितात 2 आणि 3. दुसऱ्या दिवसापासून काम आणखी लहान: रात्री जेवणानंतर ती दीड हात जागा पुन्हा पहिल्यासारखी करणं, दोन मिनिटं. आकडे येतात 3-3, 2-4, 2-2. असेच येतात, दरवेळी वर जात नाहीत. रविवारी हुरूप येतो आणि ताई ओट्यावरून फडताळावर, फडताळावरून फ्रिजमध्ये शिरतात, तीन तास घासतात. चौकोनात 6 येतो, घरचे खूश होतात. सोमवारी त्या उठत नाहीत, कामावर जात नाहीत, ओटाही तसाच राहतो. या पद्धतीत सर्वांत नेहमी होणारी चूक हीच, आणि ती त्याच दिवशीच्या आकड्यात दिसत नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळी दिसते. म्हणून चांगल्या दिवशीही दहा मिनिटांनाच थांबायचं. वाईट दिवशी तेवढंच करायचं, हा नियम मग पाळता येतो.

दुसरी चूक घरच्यांकडून होते. ताई कामावर गेल्यावर नवरा प्रेमापोटी सगळा ओटा लखलखीत करून ठेवतो. ओटा स्वच्छ, पण ताईंच्या खात्यावर काहीच जमा नाही. उलट ‘माझ्याने एवढंही होत नाही’ ही वजाबाकी. नवऱ्याने भाजी आणावी, भांडी घासावी, कपडे वाळत घालावेत, तेवढी दीड हात जागा सोडून.

दोनेक आठवड्यांनी चौकोनांवरून नजर फिरवली की काय करायचं ते कळतं. आकडे हळूहळू वर सरकत असतील तर पुढची पायरी दुसरा कोपराच हवा असं नाही. ताईंचं सुटलेलं भजनी मंडळ आठवड्यातून एकदा पुन्हा सुरू होणं जास्त मोलाचं असू शकतं. औषधांचं टेबल यायचं ते यानंतर, आणि एकटीने नाही. नवरा शेजारी बसून मुदत संपलेल्या पट्ट्या वेगळ्या करेल, कागद एका फाइलमध्ये जातील, न वापरलेले डायपर गरजू घरी जातील. कोपरा रोज नीट राहतो आहे पण आकडे जागचे हलत नाहीत, झोप आणि भूक बिघडलेलीच आहे, कामावर जाणं सुटत चाललं आहे, असं असेल तर कोपऱ्याचा आकार वाढवून उपयोग नाही, उपचार हवेत. गोव्यातल्या रुग्णांच्या पाठीशीही नियमित भेटायला येणारं एक माणूस होतं, हे विसरू नये. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर दिनदर्शिका बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.

एका प्रकारच्या पसाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. काही माणसांना कुठलीही वस्तू, अगदी जुनी रद्दीसुद्धा, सोडतानाच असह्य यातना होतात आणि घरातून चालायला वाट उरत नाही. 2013 पासून अमेरिकी निदानसूचीत हा संचयाचा स्वतंत्र विकार मानला जातो. अशा घरात नातेवाइकांनी परस्पर टेम्पो बोलावून घर मोकळं केलं तर माणूस कोलमडतो आणि घर पुन्हा भरतं. त्याला कोपरा नको, त्या विकाराचं ज्ञान असलेला तज्ज्ञ हवा.

शेवटी माझ्याच मताविरुद्धचा एक आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. करण्यालाच महत्त्व असेल तर ते करणं आवराआवरीचंच का? याचं उत्तर सोयीचं आहे: कोपऱ्यासाठी कपडे बदलावे लागत नाहीत, कुणाला तोंड दाखवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि काम झालेलं समोर दिसतं. पलंगावरून उठणंच अवघड असलेल्याला यापेक्षा जवळची कृती मिळणं कठीण. पण जी बाई पहाटे पाचपासून याच घरात झाडते, पुसते, आवरते आणि त्याच्यामुळेच खचली आहे, तिला आणखी एक कोपरा आवरायला सांगणं म्हणजे सॅक्सबी-रेपेटींच्या अभ्यासातलं ते न संपणारं काम तिच्या नावावर आणखी वाढवणं. गोव्यातल्या पद्धतीतही कृती रुग्णाच्या आयुष्यातून निवडली जायची, घराच्या गरजेतून नाही. अशा बाईच्या दिनदर्शिकेतली पहिली नोंद संध्याकाळी अर्धा तास घराबाहेर पडण्याची असावी. मैत्रिणीकडे, देवळात, वाचनालयात, कुठेही. तेवढा वेळ ओटा तसाच राहू द्यावा, आणि परत आल्यावर त्याला आधी हात घरातल्या दुसऱ्या कुणी लावावा.